आकडा न लिहिलेलं पत्र

पत्र कसं लिहावं, हे मसुदेसाहेबांना कुणी शिकवायला जाऊ नये. एकवीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींना उत्तरं लिहिण्यात गेली होती! नळाला आठ दिवस पाणी नाही म्हणून हातात बादली घेऊन आलेला माणूस त्यांचं उत्तर वाचून निमूट घरी जायचा. पाणी येणार की नाही, ते त्या पत्रावरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण आपल्याशी कुणीतरी फार अदबीने बोललं, एवढं मात्र त्याला पटलेलं असायचं. खरं आडनाव मागे पडून कचेरीत ‘मसुदेसाहेब’ हेच नाव रूढ झालं होतं, आणि ते त्यांना आवडायचं.

म्हणून परदेशातल्या मावशीने पैसे पाठवले, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, पोचले म्हणून लगेच कळवून टाका,” तर साहेब नुसते हसले.

“लगेच? म्हणजे मी खात्यावर डोळा ठेवून बसलो होतो असं वाटेल तिला!”

पैसे आले होते ते आईच्या कानांसाठी. दोन वर्षांपासून आईला फोनवरचं काही ऐकू येईनासं झालं होतं. मावशी दर रविवारी फोन करायची, आई “हो, हो, बरं आहे” म्हणायची, आणि तिकडून विचारलेलं असायचं, “ताई, रडतेयस का?” शेवटी मावशीने फोन करणंच सोडलं. मग एक दिवस तिचा निरोप आला, ‘ताईच्या कानांचं बघ. थोडंसं पाठवतेय.’ थोडंसं! आलेला आकडा पाहून साहेब स्टुलावर बसले. तो आकडा आपणही इथे सांगायचा नाही. मावशीला ते चालत नाही.

चालत नाही म्हणजे अगदीच चालत नाही. साहेबांच्या मधल्या भावाने एकदा तिने पाठवलेल्या पैशांबद्दल आभार मानताना सगळी रक्कम लिहिली होती, वर ‘सध्या चलनाचा भाव चांगला मिळाला’ असंही कळवलं होतं. सहा वर्षं झाली, मावशी त्याच्याशी बोलत नाही. आणि इथे मामला नुसता साहेबांचा नव्हता. मावशी दुखावली असती, तर दोन म्हाताऱ्या बहिणी पुन्हा बोलायच्या राहिल्या असत्या.

पुढच्याच आठवड्यात मशीनं आली. कानांचे साचे घेतले गेले, कान तपासणाऱ्या बाईंनी आवाज कमीजास्त करून दिला, शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं कानांत बसली. आई घरी आली आणि म्हणाली, “तो नळ बंद करा रे कुणीतरी, केवढा ओरडतोय!” नळ थेंब थेंब गळत होता. संध्याकाळी साहेब दुसऱ्या खोलीत हळूच म्हणाले, “आता घरात जपून बोलावं लागणार.” तर बाहेरून आई म्हणाली, “लागणारच!”

मग आई फोनशेजारी खुर्ची ओढून बसली. रविवार होता. फोन आला नाही.

“तुम्हीच लावा ना, आई,” सून म्हणाली.

“छे गं! पैसे घेतले आणि लगेच फोन केला, तर तिला वाटेल अजून काहीतरी हवंय.”

“अगदी बरोबर!” साहेब म्हणाले. बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती भाजी चिरायला निघून गेली.

पत्र नवव्या दिवशी तयार झालं. तोवर सात मसुदे टोपलीत गेले होते. ‘मदत’ हा शब्द खोडला, आपण अगदीच दीनवाणे वाटतो. ‘वेळेवर’ खोडला, पुढच्या वेळेचीही वाट बघतोय असं दिसतं. ‘एवढे’ खोडला, कारण एवढे म्हटलं की केवढे ते आलंच. ‘आता काळजी मिटली’ खोडलं. काळजी केवढ्याला मिटते ते हिशोब करून काढता येतं!

“पण आईंना ऐकू येतंय, हे कुठे आहे?” बायकोने आठवा मसुदा वाचून विचारलं.

“ते नाही लिहायचं.”

“अहो, तिने कशासाठी पाठवले होते?”

“मशीन म्हटलं की किंमत आली. दुकानात विचारलं की कुणीही सांगेल. म्हणजे आकडा लिहिल्यासारखंच!”

“तिला आकडा माहीत आहे. तिनेच पाठवलाय.”

“तुला पत्रव्यवहारातलं कळत नाही,” साहेब म्हणाले. बायकोने मसुदा परत दिला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

पत्र असं झालं होतं: ‘प्रिय मावशी, तुझ्याकडून जे यायचं असतं, ते नेहमीच येत असतं. त्याला शब्दांत कसं बांधावं? तुझ्या भावनांची नोंद आमच्या हृदयात कायमची घेण्यात आली आहे. वस्तू आज आहेत, उद्या नाहीत. माया तेवढी उरते. इकडे सर्व यथास्थित आहे. तुझी तब्येत कशी आहे?’ सुवाच्य अक्षरात लिहून, फोटो काढून साहेबांनी ते फोनवरून पाठवलं आणि स्वतःच दोनदा वाचलं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

चार तासांत मावशीचा निरोप आला. ‘पत्र छान. सगळं पोचलं ना?’

“बघ!” साहेब बायकोला म्हणाले. “परीक्षा घेतेय माझी. आता मी ‘हो, पैसे पोचले’ म्हणायची वाट बघतेय.” आणि त्यांनी उत्तर धाडलं, ‘मावशी, तुझं प्रेम पोचलं. आणखी काय पोचायचं असतं?’

तीन दिवसांनी पुन्हा निरोप. ‘ताईच्या कानांचं कसं?’

हा प्रश्न अवघड होता. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीभर विचार केला आणि लिहिलं, ‘त्या बाबतीत योग्य ते करण्यात येत आहे.’

त्यानंतर मावशी गप्प झाली. दोन रविवार गेले. आई फोनशेजारी बसायची, मशीनच्या बॅटऱ्या बदलून घ्यायची, आणि उठायची. दुसऱ्या सोमवारी ती म्हणाली, “काढून ठेवते हे कानातलं. कुकरच्या शिट्ट्याच ऐकायच्या तर मशीन कशाला?”

त्याच दुपारी कचेरीत बँकेतून फोन आला. “तुमच्या खात्यात बाहेरून रक्कम आली होती ना? पाठवणाऱ्यांनी ती परत मागवली आहे. उद्या येऊन जा.”

परत मागवली! म्हणजे मावशी दुखावली तर होतीच, पार तुटलीही होती! पण कशाने? एक आकडा नाही, एक मशीन नाही, एक ‘एवढे’ नाही! त्यांनी कान तपासणाऱ्या बाईंना फोन लावला.

“मशीनं परत घेता का हो?”

“साचे तुमच्या आईंच्या कानांचे आहेत. दुसऱ्या कुणाला बसणार? काही बिघडलंय का?”

“मशीन उत्तम आहे. बाकी सगळं बिघडलंय!”

संध्याकाळी घरी आईच्या कानांकडे ते इतका वेळ बघत राहिले, की आईने पदराने कान झाकले.

बँकेतल्या बाई चष्म्याआडून शांतपणे म्हणाल्या, “घाबरू नका. तुमच्या संमतीशिवाय रक्कम परत जात नाही. तिकडच्या बँकेचं म्हणणं असं, की पैसे तुम्हाला मिळालेलेच नाहीत, अशी पाठवणाऱ्यांची तक्रार आहे.”

“मिळालेच नाहीत? मी आभाराचं पत्र लिहिलं!”

“मग या अर्जावर लिहून द्या, मिळाले म्हणून. इथे तारीख, इथे सही. आणि इथे रक्कम.”

साहेबांनी तारीख घातली, सही केली, आणि अर्ज सरकवला.

“रक्कम राहिली.”

“ती... ‘पाठवल्याप्रमाणे’ असं लिहिलं तर?”

“नाही चालणार.”

“‘यथोचित’?”

“अहो, अंकी आणि अक्षरी लिहा! याची प्रत तिकडे पाठवणाऱ्यांना जाते.”

साहेबांचा पेन हवेतच थांबला. म्हणजे मावशीच्या हातात आकडा जाणार! मधल्या भावाने निदान एकदाच लिहिला होता, इथे दोनदा लिहायचा होता, वर बँकेचा शिक्का! मागे रांगेतला माणूस खाकरला. साहेबांनी डोळे मिटून अंकी लिहिलं, डोळे उघडून अक्षरी लिहिलं, आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी असं काही लिहिलं होतं, ज्याचा एकच अर्थ निघत होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “दोघी बहिणींना मीच तोडलं.” आणि खरंच त्यांचे डोळे भरून आले.

बायकोने त्यांना पाणी दिलं. मग आईकडे जाऊन म्हणाली, “आई, मशीन घाला हो कानात. आज मंगळवार असला तरी घाला.”

फोन गुरुवारी सकाळी वाजला. आईने पहिल्याच घंटेला उचलला.

“ताई!” पलीकडून मावशी पूर्वीच्या सवयीने ओरडली. साहेबांनाही ते तीन हातांवरून ऐकू आलं.

“ओरडू नकोस गं, येतंय ऐकू,” आई म्हणाली. “तुला सर्दी झालीय का? आवाज बसलाय तुझा.”

पलीकडे मावशी रडायला लागली, आणि आई म्हणाली, “रडतेयस ना? तेही ऐकू येतंय.” आणि मग आईही रडली. आभार मानायचे म्हणतात ते एवढंच होतं, हे दाराशी उभ्या असलेल्या मसुदेसाहेबांना तेव्हा कळलं. आकडा नाही, वस्तूची किंमत नाही; पाठवलेल्याचं काय झालं ते दिसलं पाहिजे, बस्स! एकवीस वर्षांत त्यांनी एकाही पत्रात काय झालं ते लिहिलं नव्हतं.

पन्नास मिनिटांनी आईने फोन त्यांच्याकडे दिला. साहेबांनी घसा साफ केला.

“मावशी, तो अर्ज बँकेने लिहायला लावला. आकडा लिहायचा माझा बिलकूल...”

“अरे, तो अर्ज वाचूनच जिवात जीव आला माझ्या! पैसे कुठे गेले म्हणून तीन आठवडे झोप नव्हती. काय स्वच्छ लिहिलंयस! मी जपून ठेवलाय.”

साहेबांना एकदम हलकं वाटलं. “आणि माझं पत्र? तेही ठेवलंस ना?”

“ते छापून घेतलं होतं रे, पण माझ्याकडे नाही. बँकेने ठेवून घेतलं.”

“बँकेने? कशाला?”

“तक्रारीला जोडलं होतं मी. एकेका ओळीचा अर्थ त्यांच्या साहेबाला समजावून सांगितला, तेव्हा कुठे त्याला पटलं, की तुला एक पैसाही मिळालेला नाही!”