पेंडसेकाकांचा दुसरा प्रश्न

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दुसरा प्रश्न विचारणारा माणूस एकच होता, तळमजल्यावरचे पेंडसेकाका, आणि त्या दुसऱ्या प्रश्नाला अख्खी बिल्डिंग टरकून असे.

एकदा सोसायटीची मीटिंग होती. विषय गच्चीवरच्या टाकीच्या गळतीचा. जोशीबाई धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, "सॉरी हं, जिन्यात गाय आली होती, म्हणून उशीर झाला." सेक्रेटरी म्हणाले, "हरकत नाही, बसा." विषय तिथेच संपायचा. पण पेंडसेकाका खुर्चीत पुढे सरकले. "थांबा, थांबा. गाय कुठल्या मजल्यापर्यंत चढली?"

"दुसऱ्या," जोशीबाई म्हणाल्या.

"आणि वळली कशी? आपला जिना तर एवढासा!"

वळली नव्हतीच. तिला शेपटाकडून उलटं उतरवताना जोशीबाईंनी, जन्मात गायीला हात न लावलेल्या बाईंनी, तिच्या कानात अंगाई म्हटली होती. हे ऐकून माणसं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. जोशीबाई अशा विनोदी आहेत हे इतक्या वर्षांत कुणाला माहीत नव्हतं. टाकी मात्र पुढच्या मीटिंगपर्यंत गळत राहिली.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. एकटेच राहायचे. काकू आम्ही इथे राहायला येण्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल आम्हाला काही ठाऊक नव्हतं. काकांची दुसरी तऱ्हा म्हणजे ते मासे धरत. खात नसत. पक्के शाकाहारी, कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, आणि दर रविवारी सकाळी मिठागरांच्या बांधावरून चालत जाऊन खाडीत गळ टाकून बसत. कोळंबीला हात लावायचा नाही म्हणून गळाला कणकेची गोळी. मासा मिळाला तर येताना वाटेतल्या कुणाला तरी देऊन टाकत. आई म्हणायची, "डोक्यावर परिणाम झालाय त्यांच्या."

आईला बोलायला तसा अधिकार नव्हता. आमच्या, म्हणजे परबांच्या, घरी त्याहून मोठी पंचाईत होती. संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही, आणि गिरणीबरोबर बाबांचं तोंडही बंद झालं. मालवणी माणूस आणि गप्प! ज्या माणसाच्या गजालींमुळे आमच्याकडे पाहुणे शेवटची बस चुकवत, तो आता "हो", "नाय" आणि "असांदे" एवढ्यावर दिवस काढायचा. मी बँकेत नुकतीच लागले होते. संध्याकाळी घरी आले की आई स्वयंपाकघरातून खुणेने विचारायची, काही बोलले का? मी मान हलवायची. असंच चाललं तर माणूस आतून संपून जाईल, ही भीती आम्ही दोघी एकमेकींना सांगतही नव्हतो. बाबांना एकच गोष्ट उरली होती, रविवारचं गरवणं, म्हणजे खाडीवर गळ टाकून बसणं. तेही मुकाट्याने.

माझ्या ताईचे यजमान फार उत्साही. कुणीतरी त्यांना सांगितलं, वडीलधाऱ्यांच्या छंदात रस घ्यावा. आले एका रविवारी आणि बाबांसमोर पाटावर बसले.

"बाबा, किती वर्षं मासे धरताय?"

"बरीच."

"छान! आमिष कुठलं वापरता?"

"कोळंबी."

"छान, छान! आणि सगळ्यात मोठा मासा केवढा मिळाला?"

"मोठो होतो."

"वा! आणि आवडता मासा?"

रेशनकार्डाचा फॉर्म भरायला आलेल्या माणसाला जशी उत्तरं द्यावीत तशी बाबांनी दिली. भावोजींचे प्रश्न संपले तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं. "फार मोकळे झाले हो आज," भावोजी चहाच्या वेळी आईला म्हणाले. आईने त्यांना चहात साखर जास्त घातली, बिचारीला दुसरं काय सुचणार!

मी रविवारी बँकेची कटकट नसल्यामुळे थर्मासमधून बाबांना चहा घेऊन खाडीवर जायची. त्यामुळे बाबांचं आणि पेंडसेकाकांचं पहिलं बोलणं माझ्यासमोर झालं. दोघं बांधावर थोडं अंतर ठेवून बसले होते. काका गळाला कणीक लावत होते. बाबा बराच वेळ बघत राहिले, मग त्यांना राहवलं नाही.

"कणकेक बोय लागता. पण हंय नाय."

बोय म्हणजे खाडीतला एक चपळ, चंदेरी मासा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "असं का? मग इथे काय लागतं?" काका वळले आणि म्हणाले, "हंय नाय, म्हणजे दुसरीकडे लागते?"

"आमच्या गावाक. न्हान आसताना धरी मी."

"कोकणात घरोघरी भात. तुम्हाला कणीक कुठून मिळायची?"

बाबांनी गळ खाली ठेवला. कितीतरी महिन्यांत कुणाच्या प्रश्नावर बाबांनी हातातलं काम खाली ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

"चोरून," बाबा म्हणाले. "गव्हाचा पीठ घरात सणाक येय. पाडव्याच्या पुरयांची कणीक आवशीन मळलेली, त्यातली उचललय."

"आईला कळलं?"

"कळतला नाय तर! पुरये कमी इले."

"मग? मारलं?"

"नाय. माका इचारल्यान, मासो गावलो?" बाबा हसले. खरंच हसले. "गावलेलो! पण पाडव्याक मासो रांधूचो कसो? मगे ती बोय पाण्याच्या हंड्यात जिती ठेवली. रातभर हंड्यात धडाम धडाम! आजयेक वाटला, घरात भूत शिरला."

"आजी काय करत होती तेव्हा?"

आणि मग आजी, भूत, शेजारचा देवाला गाऱ्हाणं घालणारा म्हातारा, सगळे एकेक करून बांधावर येऊन बसले. चहा थर्मासमध्येच राहिला. त्या दिवशी जेवताना बाबांनी आईला तीच गोष्ट पुन्हा सांगितली. आईने ती लग्नानंतर पहिल्याच वर्षी ऐकली असणार. पण ती पदर तोंडाला लावून ऐकत राहिली, आणि पदरामागे ती हसत नव्हती.

मला वाटलं, आपल्यालाही जमेल. रात्री विचारलं, "बाबा, मासा गावला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

"कसा वाटतला? बरा वाटला." संपलं.

मी काकांकडे तक्रार घेऊन गेले. ते गॅलरीत वाल निवडत होते. म्हणाले, "'कसं वाटलं' विचारलंस की माणूस परीक्षेला बसतो गं. हातात काय होतं ते विचार. शेजारी कोण होतं ते विचार."

"तुम्ही आधी ठरवून येता का, काय विचारायचं?"

"छे! माणूस बोलायला लागला की मला चित्र दिसतं. त्यात एखादी जागा कोरी राहते. पुऱ्या दिसल्या, बोय दिसली, पण कणीक कुठून आली ते दिसेना. तेवढंच विचारायचं. आणि आपल्याकडे त्याहून भारी किस्सा असला तर तो गिळायचा." त्यांनी एक किडका वाल बाजूला टाकला. "हे फार अवघड. मला एकदा शिंगाळा माशाचा काटा घुसला होता, हात भोपळ्याएवढा सुजला. परबांना अजून सांगितलेलं नाही मी."

गिरणीचं मात्र ते चुकूनही विचारत नसत. एकदा बोलता बोलता बाबांच्या तोंडून "खात्यात असताना" असं निघालं आणि ते एकदम थांबले. काकांनी पाण्याकडे बघत "भरती लागली वाटतं," एवढंच म्हटलं आणि ती गोष्ट तिथेच राहू दिली.

ती पुढे आपणहून आली, गाठीच्या रूपाने. काकांचा तंगूस, गळाची नायलॉनची दोरी, खडकाला घासून तुटला. बाबांनी दोन्ही टोकं घेतली आणि चुटकीसरशी जोडून दिली.

"परत करा," काका म्हणाले. "मला दिसलंच नाही. एका हाताने केलीत?"

"मागावर धागो तुटलो तर दोन हात खंयचे आणतलास?"

"शिकवली कुणी?"

बाबा तंगुसाचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले. मला वाटलं, फसलं. काका नुसते बसून राहिले, दुसरा प्रश्नही घातला नाही. मग बाबा म्हणाले, "आमचो एक जॉबर होतो, खात्याचो मुकादम. माझ्या डोळ्यांवर फडको बांधी आणि धागो हातात देय." तिथून बाबा जे सुटले ते साचे, मागांचा खडखडाट, कापसाचं उडणारं तूस, त्या जॉबरची शिवी आणि त्याच जॉबरने पहिल्या पगाराच्या दिवशी खिलवलेली जिलबी, सगळं ओघाने आलं. शेवटी टाळं लागल्याचा दिवसही आला. सांगून झाल्यावर बाबांनी तोंडावर खाडीचं पाणी मारलं आणि गळाला नवी कोळंबी लावली.

माझे वडील मला परत मिळाले ते त्या बांधावर. औषधाने नाही, देवाला नवस बोलूनही नाही. एका शाकाहारी माणसाने त्यांना नीट ऐकलं म्हणून. हे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नव्हतं. आईने एकदा वाटीभर सोलकढी पाठवली, ती काकांनी आवडीने घेतली, एवढंच.

फेडले ते बाबांनी.

थंडीतली सकाळ होती. त्या दिवशी काकांच्या कणकेला चक्क बोय लागली. त्यांनी ती सोडवून हातात धरली आणि तशीच बघत बसले.

"तुमी खायत नाय," बाबा म्हणाले, "मगे धरतास कित्याक?"

"सवय, दुसरं काय."

भावोजी असते तर "छान" म्हणाले असते. बाबा म्हणाले, "कोणाची?"

काकांनी चमकून पाहिलं. हा प्रश्न ओळखीचा होता, फक्त आजवर तो त्यांच्या दिशेने कधी आला नव्हता.

"आमच्या हिची," ते हळूच म्हणाले. "वेंगुर्ल्याची सारस्वतांची मुलगी. माझ्याशी लग्न केलं आणि माझ्या आईसाठी मासे सोडले. एकदा संध्याकाळी मला म्हणाली, आमच्याकडे बोय आली की भाऊ मला पहाटे उठवायचा. मी म्हटलं, हो का? आणि पेपर उघडला." त्यांनी बोय पाण्यात सोडली. "पुढे कधी मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. भाऊ का उठवायचा, कुठे न्यायचा, काही माहीत नाही. ती गेल्यावर सुचले सगळे प्रश्न. म्हटलं, निदान बोय कशी दिसते ते तरी बघू."

बाबांना त्या किनाऱ्यावरच्या पहाटा ठाऊक होत्या. भाऊ बहिणीला कशाला उठवतो हे ते सहज सांगू शकले असते, आणि गजाल रंगवण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्यांनी ती गिळली.

"पेंडसेनु," बाबा म्हणाले, "ता सांगताना वयनींच्या हातात काय होता?"

काकांनी दोन बोटं एकमेकांवर घासली, काहीतरी सोलावं तशी.

"वाल," ते म्हणाले. "मोड आलेले वाल सोलत होती. एक वाल बोटांतून निसटला आणि उडून माझ्या पेपरवर पडला."

"मगे?"

"मग ती हसली. मी पेपर खाली केला." काकांचा आवाज बदलला. "आणि म्हणाली... थांबा हं परब, थांबा. काहीतरी म्हणाली होती ती. आठवतंय मला."

बाबांनी आपला गळ पाण्यातून काढून बाजूला ठेवला आणि मांडी घालून काकांकडे तोंड करून बसले.