खास या बॅचसाठी

मोठ्या बाईंनी शिक्षकखोलीत येऊन सहज सांगावं तसं सांगितलं, "यंदा निरोप समारंभाला दहावीच्या पालकांनाही बोलावलंय हं," आणि मराठीच्या बाईंच्या हातातला वह्यांचा गठ्ठा घसरून जमिनीवर पसरला.

"पालकांना? कशाला उगाच त्यांना त्रास!" बाई वह्या गोळा करत म्हणाल्या.

"त्रास कसला? नवं सभागृह झालंय, खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या का? आणि निम्मे पालक आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी आहेत. तुमचं गाणं ऐकून खूश होतील. पत्रिकेत छापलंय मी, 'बाईंनी खास या बॅचसाठी रचलेलं निरोपगीत'."

मोठ्या बाई या शाळेत येऊन आठच महिने झाले होते. त्यांना काय ठाऊक!

गोष्ट अशी होती की अठ्ठावीस वर्षांपूर्वी, नव्या नवलाईत, बाईंनी पहिलं निरोपगीत लिहिलं. दुसऱ्या वर्षी दुसरं. तिसऱ्या वर्षी ऐन वेळी सासूबाई आजारी पडल्या आणि बाईंनी पहिलंच गाणं पुन्हा बसवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? समारंभाला दोनच वर्ग असायचे, गाणारी नववी आणि ऐकणारी दहावी. ज्यांनी नववीत पहिलं गाणं म्हटलं, त्यांना दहावीत दुसरं ऐकायला मिळे. ज्यांनी दुसरं म्हटलं, त्यांना पहिलं. प्रत्येकाला आपल्या निरोपाचं गाणं कोरं करकरीत वाटे. बाकीचे शिक्षक तेव्हा फराळाच्या टेबलाशी असत. हे गुपित माहीत होतं फक्त पेटीवाल्या सरांना, आणि त्यांना नव्या चाली बसवायचा मनापासून कंटाळा.

गाणी होतीही तशी टिकाऊ. बाईंनी त्यांत कुणाचं नाव घातलं नव्हतं, साल घातलं नव्हतं, इमारतीचा रंगसुद्धा नाही. छोटंसं ध्रुवपद आणि तीन कडवी: पहिलं वर्गाचं, दुसरं मैदानाचं, तिसरं शुभेच्छांचं. या वयात मुलांचे आवाज फुटलेले असतात म्हणून चाल पाच-सहा सुरांच्या वर जात नसे. कडव्याची पहिली ओळ मुलींची, दुसरी मुलांची, ध्रुवपद सगळ्यांचं. शेवटचं ध्रुवपद संथ लयीत, आणि त्यातली शेवटची ओळ पेटी थांबवून नुसती म्हणायची. तिथे हमखास रुमाल निघत.

"आता काय करायचं हो?" बाईंनी संगीताच्या खोलीत दार लावून विचारलं.

"दुसरं गाणं घ्या," पेटीवाले सर म्हणाले.

"ते या दहावीनेच गेल्या वर्षी म्हटलंय! आणि पालकांनी एक गायलंय, एक ऐकलंय. त्यांना दोन्ही पाठ असणार."

"मग दोन्हींची सरमिसळ करा."

"कशी करू? एक आठ मात्रांत चालतं, दुसरं सहा मात्रांत. निम्म्यावर सगळे ठेचकाळतील."

"तर मग लिहा नवं. चार दिवस आहेत की. चाल मात्र जुनीच ठेवा, माझं वय झालंय."

बाई लिहायला बसल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मुलांच्या हजारो कविता तपासल्या होत्या. त्या दोन गाण्यांनंतर स्वतःची एकही लिहिली नव्हती. दोन दिवसांनी कागद आला:

*फळा पुसूनी खडू ठेवला,*
*दिवस संपला आता...*

सरांनी वाचलं. "बाई, हा निरोप आहे की श्रद्धांजली?"

"मात्रा बरोबर आहेत ना? मग गप्प बसा."

खरी पंचाईत पुढेच होती. नववीने तीन आठवडे जुने शब्द घोकले होते, तेही हातवाऱ्यांसकट. चाल तीच, शब्द नवे. पहिल्या कडव्यापर्यंत मुलं कागदाकडे बघून गात, दुसऱ्यात जिभा आपोआप जुन्या वाटेला लागत. बाई थांबवत, पुन्हा म्हणून घेत. आदल्या दिवशी मुलींना नवं पक्कं आलं होतं. मुलांचं काही सांगता येत नव्हतं.

"उद्या जमेल," एक मुलगा म्हणाला.

"अरे, उद्याच समारंभ आहे!"

"म्हणूनच तर म्हणतोय, बाई."

समारंभाला सभागृह गच्च भरलं. मोठ्या बाईंनी माइकवरून पुन्हा एकदा "खास या बॅचसाठी" म्हटलं. बाई पडद्याशेजारी खांब धरून उभ्या होत्या.

ध्रुवपद नीट झालं. पहिलं कडवंही निभावलं. दुसऱ्या कडव्यात मुलींनी नवी ओळ म्हटली आणि मुलांनी छातीठोकपणे जुनी. मुली चपापल्या. मुलांना चूक कळली, त्यांनी नवी ओळ धरायला जावं तोवर मुली जुन्यावर आल्या होत्या. मग सगळेच गप्प झाले. पेटी एकटीच दोन फेरे फिरली.

बाईंनी डोळे मिटले.

चौथ्या रांगेतून एक दणकट पुरुषी आवाज आला, "बाक रिकामे, घंटा वाजे... म्हणा रे!"

बुडत्या मुलांना काडीचा आधार मिळाला. त्यांनी जुनं ध्रुवपद सुरू केलं, आणि पालकांनीही:

*बाक रिकामे, घंटा वाजे,*
*दार उघडले आहे;*
*जा ना पुढती, मागे अमुचे*
*लक्ष तुम्हांवर राहे.*

शेवटच्या ध्रुवपदाला लय कुठे संथ करायची हेही त्यांना पाठ होतं. शेवटच्या ओळीआधी पेटी थांबली, आणि तीनशे माणसं पेटीबरोबर थांबली.

टाळ्या ओसरल्यावर तो दणकट गृहस्थ उठला. "बाई, धन्यवाद! आमच्या बॅचचं गाणं तुम्ही जपून ठेवलंत."

"तुमच्या बॅचचं?" पलीकडून एक आई उठली. "अहो, हे आम्हाला लिहिलं होतं. मी दोन दिवस रडले होते."

"तुम्ही कितव्या बॅचच्या?"

"तुमच्या मागून दोन वर्षांनी."

"मग उतरवून घेतलं असेल."

"आम्ही उतरवलं? बाईंनाच विचारा!"

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. मोठ्या बाईंनी माइक पुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल होतं, आणि कुतूहलाच्या मागे थोडंसं दुसरं काहीतरी.

बाईंनी माइक घेतला. पेटीवाले सर भात्याकडे अतिशय लक्षपूर्वक बघत होते.

"दोनच गाणी आहेत," बाई म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं. आलटून पालटून."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू खुर्ची-खुर्चीने पुढे सरकत आलं. मोठ्या बाईंनी पत्रिकेकडे पाहिलं, ती उलटी करून मांडीवर ठेवली आणि त्याही हसल्या.

"तरीच!" ती आई म्हणाली. "मग आता दुसरंही होऊन जाऊ दे. आम्ही गायलेलं!"

पेटीवाल्या सरांनी न विचारता सूर धरला. पालक उभे राहिले, मागून दहावीची मुलंही, कारण त्यांनी ते गेल्याच वर्षी म्हटलं होतं:

*वाट नवी, पाय नवे, सोबतीस आठवणी,*
*एकवार वळुन पहा, हाक देत उभे कुणी.*

रंगमंचावरची नववी तोंडाचा आ वासून ऐकत राहिली.

गर्दी पांगल्यावर नववीची मॉनिटर बाईंपाशी आली. तिच्या मागे तीन मैत्रिणी होत्या.

"बाई, आता आमचं काय? आम्ही दोन्ही ऐकली. पुढच्या वर्षी आम्हाला कुठलं?"

"लिहीन मी नवीन," बाई म्हणाल्या. आवाजात म्हणावा तसा जोर नव्हता.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुम्ही नका त्रास घेऊ, बाई. आम्ही चौघींनी लिहायला घेतलंय. आठवीला शिकवू. तुम्ही फक्त तपासून द्या. सगळ्या शिक्षकांवर एकेक कडवं आहे."

"माझ्यावरही?"

"तुमच्यावर तीन झालीत, बाई. अजून लिहितोय."

बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं, त्याकडे पाहिलं, आणि परत आत ठेवून दिलं.