शेवटी आठ असलेला वाघ

क्रीडास्पर्धांच्या निवृत्त शुभंकरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि या वर्षी आलेल्या एका वाघाला आपण नेमके कोणत्या स्पर्धेचे, हेच आठवत नव्हतं.

खिडकी क्रमांक चारवर वैजयंती धोत्रे बसायच्या. नियम सरळ होता. पाचपर्यंत ओळख पटली तर शुभंकर, नाही पटली तर वन्यप्राणी. वनखात्याचे कान्हेरे पिंजरा घेऊन बाकावर बसलेच होते.

"नाव?"

"अगदी जिभेवर आहे हो," वाघ ओशाळून म्हणाला.

धोत्रेबाईंना त्याची कणव आली, पण कणवेचा रकाना अर्जात नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि त्याच्या गळ्यातलं पदक हातात घेतलं. एकमेकांत अडकलेल्या पाच कड्या.

"म्हणजे ऑलिंपिक."

"पाच कड्या सगळ्याच ऑलिंपिकवाल्यांकडे असतात," कान्हेरे म्हणाले. "मॉस्कोच्या अस्वलाच्या पट्ट्यालाही होत्या."

"कड्यांवरून स्पर्धा कळते, गाव नाही. गाव कळतं यजमानाच्या चिन्हावरून. बिल्ला आहे का काही?"

वाघाने कानामागून एक बिल्ला काढला. निळा, लाल, पिवळा असे तीन भोवरे एकात एक फिरत होते. खालचं साल घासून गेलं होतं, शेवटचा आठ तेवढा शाबूत.

बाईंनी बोटांवर मोजलं. "दोन हजार आठला बीजिंगच्या पाच बाहुल्या होत्या, वाघ एकही नाही. अठ्ठ्याण्णवला नागानोची घुबडं. वाघवाली उरली अठ्ठ्याऐंशीचं सोल आणि दोन हजार अठराचं प्योंगचांग. दोन्हीकडे वाघच."

"झालं तर मग!" कान्हेरे उठले. "संशय म्हणजे पिंजरा."

"थांबा. प्योंगचांगचा वाघ पांढरा होता. हे नारिंगी आहेत."

"पांढरं कापडही उन्हात पिवळं पडतं, बाई."

पाचला चार मिनिटं कमी होती. बाईंची नजर वाघाच्या काळ्या टोपीवर गेली. शेंड्यावरून एक लांब फीत मरगळून लोंबत होती.

"मान फिरवा."

"मणके दुखतात हो."

"पिंजऱ्यात जास्त दुखतील. फिरवा!"

वाघाने डोळे मिटून मान घुमवली. पहिल्या फेरीला फितीने कान्हेऱ्यांचा चहा लवंडला. दुसऱ्या फेरीला ती हवेत उठली आणि तिचा इंग्रजी एस झाला.

"सोलचा एस," बाई म्हणाल्या. "म्हणजे तिरंगी भोवराही सोलचाच, टोपी सोलची, रंग नारिंगी. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. तुमचं नाव होदोरी." त्यांनी शिक्का मारला.

वाघाने टोपी सरळ केली. मग हळूच म्हणाला, "मी काही जिंकलो होतो का?"

"तुम्ही शुभंकर होतात. तुमचं काम हात हलवायचं."

त्याने पंजा वर केला आणि हलवला. सगळ्या कचेरीने हात हलवला. कान्हेऱ्यांनीही हलवला, आणि मग हात खाली कधी घ्यायचा हे कुणाला विचारावं, ते त्यांना सुचेना.