चव्वेचाळीस टक्के पडदा

पडदा हा भरण्यासाठीच असतो, याबद्दल समंजस माणसांत दुमत नाही. तरीही काही मंडळी चित्रपट काढताना पडद्याचा विचार सोडून गोष्टीचाच विचार करत बसतात. अशांना वेळीच आवरावं म्हणून आमचं लघुपट उत्तेजन मंडळ आहे. मी त्याचा सदस्य-सचिव. (उत्तेजन देणं आणि आवरणं, दोन्ही एकाच टेबलावर होतं.)

यंदा सभागृहात नवा पडदा लागला. उंचीच्या जवळजवळ अडीचपट रुंद. त्यावर समुद्र मावतो, रणांगण मावतं, अध्यक्षांसकट आमची अख्खी कार्यकारिणी मावते. उद्घाटनासाठी एका मुलीने आपल्या आईवडिलांवर केलेला लघुपट निवडला. वडील निवृत्त न्हावी. आई आजारी, खिडकीपाशी खुर्चीत. रोज सकाळी ते तिच्या मागे उभे राहून तिचे केस विंचरतात. बस्स, एवढंच. चित्रीकरण चालू असतानाच आई गेली. त्यानंतर वडील त्याच जागी उभे आहेत आणि खुर्ची रिकामी आहे.

तपासणीत गंभीर बाब आढळली. पहिला अर्धा चित्रपट चौकोनी! जुन्या टीव्हीसारखा, उंचीला तीन तर रुंदीला चार. आमच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे. मी स्वतः टेप धरून मोजलं. चव्वेचाळीस टक्के पडदा बिनकामाचा. आई गेल्यावर मात्र चित्र दोन्हीकडे पसरत पसरत पूर्ण पडदा व्यापतं. म्हणजे दिग्दर्शक बाईंना रुंद चित्र काढता येत होतं आणि त्यांनी जाणूनबुजून काढलं नव्हतं. हा निव्वळ हट्ट झाला.

मुलीला खुलाशासाठी बोलावलं. तिने कागदावर दोन चौकटी काढून आम्हाला शिकवायला घेतलं. रुंद चौकटीत माणसाच्या शेजारी जागा उरते. तिथे अंतर दिसतं, एकटेपण दिसतं. चौकोनी चौकटीत आजूबाजूचं गळून जातं, उंची हाती लागते. वरती वडिलांचा चेहरा, खाली आईचा, मधे कंगवा. नजर तिसरीकडे जाऊच शकत नाही. उपाध्यक्षांनी विचारलं, खोलीतलं कपाट का दिसत नाही? चांगलं कपाट असेल तर दाखवावं.

तेव्हा ती म्हणाली, "आई होती तोवर आमची खोली तेवढीच होती. ती गेली आणि खोली मोठी झाली."

मग चहा आला.

उपाय तीन निघाले. पहिला, चित्र आडवं ताणणं. करून पाहिलं तर आजारी बाई चांगल्या गुटगुटीत दिसू लागल्या. वैद्यकीय सदस्यांनी आक्षेप घेतला. दुसरा, पट्ट्यांच्या जागी फुलांची नक्षी. (तीन विरुद्ध चार मतांनी फेटाळला. माझं मत नक्षीला.) तिसरा, चित्र रुंदीइतकं मोठं करून वरचं-खालचं कापणं. यात कापड शंभर टक्के भरतं. चित्राचा चव्वेचाळीस टक्के भाग जातो खरा, पण तो पडद्याबाहेर जात असल्यामुळे दिसत नाही.

अडचण एकच. उरलेल्या पट्टीत एकच चेहरा बसत होता. मतदान झालं. वडील हयात असून समारंभाचे निमंत्रित असल्याने शिष्टाचारानुसार वडिलांना ठेवलं. मुलीने हात जोडले. काळे पट्टे राहू द्या, हवं तर माझं नाव काढा, म्हणाली. मंडळ कोणाचंही नाव काढत नाही, असं आम्ही तिला लेखी कळवलं.

समारंभ देखणा झाला. पडदा काठोकाठ भरला. त्यावर वडील खाली बघून हसत होते आणि त्यांचे हात खालच्या कडेशी हलत होते. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं की कुत्र्याला कुरवाळतायत वाटतं. उत्तरार्धात रिकामी खुर्ची आली, तेव्हा ती कुणाची हे कुणालाच कळेना. चित्र पहिल्यापासूनच रुंद असल्याने ते रुंद झाल्याचंही कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे तक्रारीला जागाच उरली नाही.

मध्येच पहिल्या रांगेतले वडील उठले. हळूहळू मंचावर चढले. पडद्याच्या खालच्या काठाशी गुडघे टेकून वाकले आणि कापड किंचित उचलून मागे पाहू लागले. मी धावत गेलो.

"इथेच बसली होती हो," ते मला म्हणाले.

त्यांना अदबीने जागेवर आणून बसवलं. मुलगी त्यांचा हात धरून बसली होती, आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. अहवालात ही घटना मी 'आसनव्यवस्थेबाबत किरकोळ विचारणा' या सदरात नोंदवली.

मंडळावर टीका होते, याची कल्पना आहे. तुम्हीही वाचता वाचता आम्हाला चार शब्द सुनावले असतील. जरूर सुनावा. फक्त त्याआधी घरच्या टीव्हीचा रिमोट हातात घ्या. चित्र पडद्याच्या कडांपर्यंत फुगवायचं बटण त्यावर असतं. आपल्याकडे ते कधीपासून दाबलेलं आहे, हे घरात विचारा. आणि बंद करायला कोण तयार होतं, तेही बघा. पट्टे दिसले की तुम्हालाही चैन पडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मंडळात मतदान तरी झालं होतं.