सूर्याचं पान आणि झेली आजीचे पानिस

पत्ते मांडून भविष्य सांगणाऱ्या फिलोमेनबाईंनी आपल्याला दिवसाढवळ्या फसवलं, यावर बार्नाबेचा ठाम विश्वास होता. पैसे परत घ्यायचे, चार गोष्टी सुनवायच्या आणि जमलं तर त्यांचे पत्ते समुद्रात फेकून द्यायचे, असं ठरवूनच तो लेस्ताकच्या बंदरावरून तरातरा निघाला होता. अंगावरच्या सदऱ्याला तळणाचा वास आणि तोंडावर ही आग! समोरून येणारा पाववालासुद्धा बाजूला झाला.

तुम्हीच सांगा, माणसाने रागवायचं नाही तर काय करायचं?

महिन्याभरापूर्वी हा गृहस्थ बस चालवायची नोकरी सोडून बसला होता. बंदरावर खोपटाएवढी टपरी घ्यायची आणि पानिस विकायचे! आता पानिस म्हणजे काय, तर हरभऱ्याच्या पिठाचं घट्ट पिठलं शिजवायचं, साच्यात गार करायचं, चकत्या कापून कुरकुरीत तळायच्या, वर मीठ-मिरी. मार्सेयच्या या कोपऱ्यात पोरंटोरं त्यावरच वाढतात. बायको क्लारीस म्हणाली, "कर. माझ्या झेली आजीचं नाव दे पाटीला. पण तिच्या रीतीनेच करायचं, हाताने घोटून!"

"हातानेच! पहाटे उठून घोटेन!" बार्नाबे छातीवर हात ठेवून म्हणाला.

टपरी उघडण्याआधी सराव म्हणून पहिल्याच पहाटे त्याने पीठ घोटलं. अर्ध्या तासात खांदा गेला, पिठात सुपारीएवढ्या गुठळ्या झाल्या आणि पातेलं करपलं. दुसऱ्या पहाटेपासून तो शहराबाहेरच्या एका घाऊकवाल्याकडून तयार पानिस आणून उद्घाटनासाठी टपरीखालच्या तळघरात साठवू लागला. क्लारीस गाढ झोपेत. कोणाला कळतंय!

तरी मनात धाकधूक होतीच. म्हणून गेला फिलोमेनबाईंकडे. सुईदोऱ्याच्या दुकानावर त्यांची खोली, खिडकीत मांजर, टेबलावर जुने, चित्रांचे मार्सेयचे टॅरो पत्ते.

"माझा धंदा चालेल का?" बार्नाबेने विचारलं.

"असं नाही विचारायचं," बाई म्हणाल्या. "पत्ते हो-नाही म्हणत नाहीत. टपरी उघडताना मी काय ध्यानात ठेवू, असं विचार. आणि तीन पानं काढ. पहिलं तू आत्ता कुठे आहेस त्याचं, दुसरं मध्ये काय अडतंय त्याचं, तिसरं हे सगळं कुठे जातंय त्याचं."

पहिलं आलं टेबलावर वस्तू मांडून खेळ करणाऱ्या जादूगाराचं. "नवी सुरुवात," बाई म्हणाल्या. "मांडामांड झकास. पण हा हातचलाखीही करतो हं."

दुसरं आलं चंद्राचं. दोन कुत्री वर तोंड करून भुंकताहेत आणि खाली डबक्यात एक झिंगा दडून बसलाय. बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. "काही लपवलंयस का रे?"

"मी? छे!"

आणि तिसरं सूर्याचं! बार्नाबे खुर्चीतून उडालाच. "सूर्य! जिंकलो!"

"बस खाली," बाई म्हणाल्या. "हे पान काय देतं ते नीट ऐक. लोक येतील, तुझ्याकडे बघतील, आनंदाने बघतील. सगळं उजेडात येईल. पण गल्ल्यात किती पडेल, किती दिवस पडेल, याचा त्यात एक शब्द नाही. पैशाची बाब नाण्यांच्या पानांत बघतात, आणि तुला एकही नाणं आलेलं नाही."

"अहो, सूर्य काय कमी गोल आहे? सोन्यासारखा पिवळाधमक!"

"गोल आहे म्हणून नाणं होत नाही! पत्त्यांच्या क्रमात चंद्र अठरावा, सूर्य एकोणिसावा. आधी जे अंधारात होतं, तेच या पानात दिसू लागतं. सूर्य उजेड पाडतो बाबा, पावडर लावत नाही. आणि ही दोन मुलं बघ, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. हे एकट्याचं काम नाही. मागे भिंतही आहे, बुटकी. पाया घातलाय, माडी नाही."

एवढं होईस्तोवर बार्नाबे जिन्यात पोचला होता.

घरी येऊन त्याने टपरीच्या दारावर, दारापेक्षाही मोठा, पिवळाजर्द सूर्य रंगवून घेतला. नाक, डोळे, ओठ, सगळं! सगळ्या बंदरावरून दिसेल असा. खाली अक्षरं: झेली आजीचे पानिस, हाताने घोटलेले.

शनिवारी टपरी उघडली आणि काय सांगू, माणसांचा लोंढा! शेजारच्या मादाम कास्तेलने तर कागदी पुडीतला पहिला तुकडा खाऊन डोळेच मिटले. "क्लारीस, अगदी झेली गं! तीच चव!" क्लारीसच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळ्यांदेखत नवऱ्याचा मुका घेतला. बार्नाबेला वाटलं, आपणच सूर्य!

जेवणाच्या वेळेआधीच माल संपला. रांग मात्र चर्चपर्यंत. बार्नाबेने तळघरात तोंड घालून घाऊकवाल्याला फोन केला. "लगेच पाठव! पण मागच्या बोळातून हं, मागच्या!"

आता मागचा बोळ कुठला, हे त्या नव्या ड्रायव्हरला, मार्सियालला, काय ठाऊक? त्याने बंदराच्या वळणावरूनच तो थोराड सूर्य पाहिला आणि गाडी सरळ रांगेच्या तोंडाशी आणून उभी केली. गाडीवर घाऊकवाल्याचं नाव, खाली हातभर अक्षरांत: यंत्रावर तयार, सदैव एकसारखे पानिस.

"साहेब!" मार्सियाल खोकी उतरवत ओरडला, "ही आजी कुठे ठेवू? आणि उद्याला किती आज्या?"

रांगेतल्या सगळ्या माना गाडीवरच्या अक्षरांकडे वळल्या. क्लारीसने हातातली पुडी सावकाश खाली ठेवली.

"माझी आजी," ती म्हणाली, "खोक्यातून येते?"

"अगं, ऐक तरी..."

"तिच्या नावावर खोटं बोललास! माझ्या डोळ्यांत पाणी आलं रे, त्या यंत्राच्या मालाने! मेल्या, मुका घेतला मी तुझा!"

म्हणून बार्नाबे आत्ता फिलोमेनबाईंच्या दारात उभा होता. "पैसे परत द्या! तुम्ही सूर्य दिलात आणि माझं वाटोळं झालं!"

बाई मांजराला कुरवाळत होत्या. "माणसं आली?"

"आली! चर्चपर्यंत!"

"आनंदाने?"

"हो, आधी आनंदानेच!"

"लपलेलं सगळ्यांना दिसलं?"

"अख्ख्या लेस्ताकला!"

"मग पान चुकलं कुठे? तुला उजेड हवा होता, मिळाला. आत काय ठेवायचं ते तुझं तू बघायचं होतंस. आणि ते दुसरं मूल कुठाय रे? ज्याच्या खांद्यावर हात ठेवायचा ते?"

बार्नाबे आणखीच चिडला आणि दार आपटून निघाला.

घरी क्लारीस बॅग भरत होती. "पुढच्या शनिवारी," ती म्हणाली, "टपरीपुढे, भर उन्हात, सगळ्यांसमोर पातेलं मांडून घोटायचं. नाहीतर आजीचं नाव पुसते आणि मी चालले बहिणीकडे, तुलोंला!"

काय बिशाद नाही म्हणायची! शनिवारी निम्मं लेस्ताक तमाशा बघायला जमलं. बार्नाबे घोटतोय, घामाने निथळतोय, आणि पिठात गुठळ्यांवर गुठळ्या! कोणी शिट्ट्या मारल्या. खांदा पुन्हा निखळायला आला. एवढ्यात क्लारीस पुढे झाली. आठवडाभर हसली नव्हती, ती खुदकन हसली. "सरक. असं नाही, असं." एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून दुसऱ्याने तिनेही डाव धरला. दोघं मिळून घोटू लागले. बॅग घरी पलंगावर तशीच पडून होती.

तळलेली पहिली पुडी त्याने स्वतः मादाम कास्तेलच्या हातात ठेवली. "घ्या! खरं! हाताने घोटलेलं! झेली आजीच्या रीतीचं!"

मादामनी तुकडा चावला. दातात अडकलेली गुठळी बोटाने काढली.

"बार्नाबे," त्या अगदी मायेने म्हणाल्या, "ती गाडी परत कधी येते रे?"

बार्नाबेने संतापून रांगेत बघितलं. मागे फिलोमेनबाई उभ्या होत्या.

"माझ्याकडे काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "चवीचं त्या पानात काहीच नव्हतं."