गाडी नदीत, लेखक काठावर

"ती मेली की जगली, तेवढं सांगा," सासूबाईंनी जावयापुढे चहाचा कप आदळला.

जावई एका टीव्ही मालिकेचा मुख्य लेखक. आठ महिन्यांपूर्वी, पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात, त्याने नायिकेसकट तिची गाडी कुणा न दिसलेल्या माणसाकडून नदीत ढकलवली होती. दारं बंद, काचा बंद, पाणी हनुवटीपर्यंत, आणि पडदा काळा. पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं. नायिकेचा दुसऱ्या सीझनचा करार झाला नव्हता, म्हणजे तिला जगवायचं की मारायचं हे वकिलांच्या हातात होतं. सीझन मिळाला तर बघू, म्हणून तो मोकळा झाला. आता सीझनही मिळाला, करारही झाला, आणि निर्मातीबाईंनी बजावलं, "आज संध्याकाळी सहाला तुमच्या घरी येते. उत्तर पटलं नाही, तर दुसरा लेखक बघते."

लेखकांच्या खोलीत सकाळपासून तो आणि त्याची सहायक लेखिका डोकं खाजवत होते.

"स्वप्न होतं म्हणू या?" ती म्हणाली.

"म्हणजे सगळा सीझन खोटा! पुन्हा कोण विश्वास ठेवेल?"

"गाडीत दुसरीच बाई?"

"चेहरा क्लोजअपमध्ये दाखवलाय."

"मग थेट सहा महिन्यांनंतर सुरू करू. वाचली, बस."

"कशी वाचली, यासाठीच लोक थांबलेत ना!"

जे दाखवलं ते पुसता येत नव्हतं आणि न दाखवलेलं ऐनवेळी घुसवलं तर लोक फसवलं म्हणणार. नाइलाजाने जुने भाग पुन्हा बघताना तिसऱ्या भागात सापडलं: नायिका गाडीच्या सीटचं हेडरेस्ट उपसून काढते, खाली दोन लोखंडी दांडे. काच फोडायला तेवढे पुरे! तो खुर्चीतून उडालाच.

सहा वाजता त्याने घरी निर्मातीबाईंना प्रसंग वाचून दाखवला. सासूबाई सोफ्यावरून हलल्या नाहीत.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ते हेडरेस्ट मी पाहिलं होतं. फसवलं नाहीत."

त्याने सुटकेचा श्वास सोडला.

"पण एवढंच? आठ महिने आमचा जीव टांगणीला लावलात, आणि ही पाच मिनिटांत बाहेर येऊन केस पुसते? इतकं भोगून तिचं काहीच बिघडलं नाही? मी असते तर पुन्हा गाडीत बसले नसते. बंद खोलीत झोपले नसते. नवऱ्याने दार लावलं तरी किंचाळले असते. आणि ढकलणारा नवराच निघाला, तर?"

निर्मातीबाईंनी वही काढली.

"आजी, सोमवारपासून लेखकांच्या खोलीत याल?"

"आणि मी?" जावयाने विचारलं.

"तुम्ही आहातच की," निर्मातीबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "आजी सांगतील ते नीट उतरवून घ्या."

सासूबाईंनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. "घाबरू नका हो. मी सावकाश सांगेन."