साहेबांची आगाऊ तपासणी

कुठलीही गोष्ट आधी तपासून घेतली की पुढे घोटाळा होत नाही, यावर माझा गाढ विश्वास आहे. औषधाच्या बाटल्यांची झाकणं तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मग माझ्याबद्दल कोण काय बोलणार, हे मी तपासल्याशिवाय सोडेन होय?

नवी नोकरी जवळजवळ हातात आली होती. ऑफर लेटरमध्ये एकच अट, रेफरन्स समाधानकारक हवा. दोन नावं द्यायची, त्यातलं एक थेट वरिष्ठाचं. म्हणजे जुन्या कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांचं! त्यांना मी डोळ्यांसमोर नको असायचो. गाडी भरून हॉर्न वाजवत उभी असली, तरी मी खोकी उघडून झाकणं फिरवत बसायचो ना! माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात ते म्हणाले होते, "चला, आता गाड्या वेळेवर सुटतील." सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं होतं.

"त्यांच्याऐवजी तिथल्या एचआरचा नंबर दिला तर?" मी नव्या कंपनीच्या एचआरबाईंना विचारून पाहिलं.

"ते फक्त हुद्दा आणि तारखा सांगतात हो. काम कसं केलंत, हे ज्यांनी पाहिलं त्यांनाच विचारावं लागतं."

झालं! घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. जुनी नोकरी सोडलेली, मुलीची फी तोंडावर.

"अहो, सरळ त्यांनाच फोन करून विचारा, रेफरन्स द्याल का म्हणून," बायको म्हणाली. "सगळे तसंच करतात."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर निदान कळेल तरी!"

इतका सोपा उपाय मला पटणं शक्यच नव्हतं. मी तिच्या भावाला बोलावलं. मेहुणा फोनवरून पाण्याचे फिल्टर विकतो, आवाज एकदम भारदस्त. त्याने नव्या कंपनीचा माणूस म्हणून साहेबांना फोन करायचा आणि मी शेजारी बसून ऐकायचं. बेत फक्कड होता!

"नमस्कार सर, आपल्याकडच्या एका उमेदवाराबद्दल जरा माहिती हवी होती," कंपनीचं आणि माझं नाव सांगून मेहुण्याने सुरुवात तर झकास केली.

"त्यांची लेखी संमती आहे ना?" साहेबांचा आवाज. "कंपनीच्या मेलवरून पाठवा. आणि तुमचा ऑफिसचा नंबर द्या, मी उलट फोन करतो. असं कुणालाही सांगत नाही मी."

मेहुण्याला घाम फुटला. मी हातवारे करून 'ठेव, ठेव' म्हणत होतो. त्याने ते 'दे, दे' असं घेतलं आणि समोर पडलेल्या माझ्या ऑफर लेटरवरचा नंबर धडाधड वाचून टाकला. खऱ्या कंपनीचा!

"भाऊजी, कसं निभावलं?" फोन ठेवून तो म्हणाला.

थोड्याच वेळात एचआरबाईंचा फोन. "आमच्या नावाने तुमच्या जुन्या साहेबांना कुणी फोन केला होता? त्यांनी इथे उलट फोन केला. असं कुणी केलं असेल तर आम्हाला ऑफर मागे घ्यावी लागते."

खोटं बोलायला माझी जीभ वळेना. सगळं सांगितलं. भीती वाटली म्हणून केलं, हेही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग, "वरिष्ठांशी बोलून कळवते."

त्या रात्री बायकोने मुलीच्या फीचा कागद घडी करून कपाटात ठेवून दिला. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. पडल्या पडल्या एकच विचार येत राहिला. साहेबांनी एक वाईट शब्द काढला नव्हता, माझी माहिती परक्या माणसाला द्यायलाही नकार दिला होता. आणि मी मात्र त्यांनाच सदोष माल समजून बसलो होतो!

दोन दिवसांनी बाईंनी बोलावलं. "रेफरन्समध्ये काय आलं, ते आम्ही सहसा सांगत नाही. पण तुमचे साहेब म्हणाले, सांगा त्याला. तो फोन तुमचाच असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणाले, 'गाडी हॉर्न मारत असताना खोकी उघडणारा माणूस मला न तपासता सोडेल कसा? भांडकुदळ आहे, डोकं खातो. पण त्याने सही केलेला माल कधी परत आला नाही.' आमच्या वरिष्ठांनी तुम्हाला समज द्यायला सांगितलीय. पुन्हा असं करायचं नाही. पण तुम्ही रुजू व्हा."

इतकी वर्षं हा माणूस माझं काम बघत होता, आणि मी फक्त त्याचा चेहरा बघत होतो.

"शेवटचा प्रश्न आम्ही सगळ्यांनाच विचारतो," बाई म्हणाल्या. "या माणसाला पुन्हा कामावर घ्याल का? ते लगेच 'घेईन' म्हणाले."

"खरंच?"

"हो. 'फक्त त्याचं टेबल माझ्यापासून लांब ठेवीन,' म्हणाले. आमच्या साहेबांनाही ते पटलं." त्यांनी माझ्यासमोर किल्ली ठेवली. "तुमची खोली गोदामाच्या पलीकडे आहे."